उपाशीपोटी ८४, दोन तासांनी १५८

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला गर्भारपणाचा सव्विसावा आठवडा लागला होता. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त घेतलं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात घालून प्यायला दिलं. ते इतकं गोड असतं की शेवटचे दोन घोट घशाखाली उतरत नाहीत. प्यायला सुरुवात केल्यापासून दोन तास मोजून पुन्हा रक्त. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली. "ताई, उपाशी शुगर नॉर्मल आहे ना? मग डायबेटिस कसला?"

प्रश्न रास्त होता. पोटात बाळ वाढतं तशी वारही वाढते आणि तिच्यातून सुटणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. त्यामुळे जेवणानंतर साखर आईच्या रक्तात थोडी जास्त वेळ रेंगाळते आणि बाळाला मिळते. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन बनवून हे सांभाळून घेतं. काहींचं मात्र अपुरं पडतं, आणि ते उपाशीपोटी दिसेलच असं नाही. ठाणे स्टेशनचा जिना अरुंद आहे हे दुपारी तीनला कुठे कळतं? सकाळची गर्दी आली की कळतं. ग्लुकोजचं पाणी म्हणजे मुद्दाम आणलेली गर्दी.

सरकारी पद्धतीत पहिल्या तपासणीलाच ही चाचणी करतात. ती नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, कारण वारेचा हा जोर तेव्हा दिसू लागतो आणि उपायाला वेळही उरतो. दोन तासांनंतर १४० किंवा जास्त आली, तर तो गर्भारपणातला मधुमेह. या पद्धतीत उपाशी असण्याचीही अट नसते. काही हॉस्पिटलं तीनदा रक्त घेतात. तिथे दोन तासांची मर्यादा १५३ असते. बहिणीचे १५८ दोन्हीकडे जास्तच. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर मात्र तो आकडा धरत नाहीत, चाचणी दुसऱ्या दिवशी करतात.

साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि आलेल्या साखरेची चरबी करतं. बाळाचं वजन वाढतं, प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती असते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन लगेच ओसरत नाही आणि त्याची साखर घसरू शकते. अशा बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासतात ती याचसाठी.

बहिणीला लगेच औषध दिलं नाही. दोन आठवडे आहार आणि चालणं. उपवास नव्हे, भात एक वाटी, सोबत उसळ आणि भाजी, फळांचा रस बंद, आणि एकदम पोटभर खाण्याऐवजी थोडं थोडं. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत हवी होती. तिची ११४ आली. नसती आली, तर इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन सुरू झालं असतं.

बाळंतपणात वार पडली की साखर बहुधा उतरते. पण ती खरंच उतरली का, हे पाहायला सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यावं लागतं. हे ऐकून बहिणीचा चेहरा पडला. "परत तेच पाणी?"

"तेच. लिंबू पिळून घे."