सेल्स इंटरव्ह्यू: फेऱ्या कुठल्या आणि चिकाटी कुठली

सोलापुरात सेल्सच्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या पोरांना स्टोरी सांग म्हटलं की बहुतेकांची एकच ठरलेली असते. "सर, पार्टी नाहीच म्हणत होती, मी आठ वेळा गेलो, शेवटी ऑर्डर घेतलीच." सांगणाऱ्याला वाटतं आता एरिया मॅनेजर खूश, पण त्याच्या डोक्यात हिशोब सुरू झालेला असतो की एका दुकानाला आठ फेऱ्या घालणारा हा गडी बीटवरची, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या भागातली बाकीची दुकानं कधी करणार.

फेऱ्यांचं जास्त सांगायची गरज नाही, सगळ्यांना माहितीये. वार ठरलेला, बीट ठरलेली, गेलो, "शेठ काय लागतंय का" विचारलं, नाही म्हणाले, डीएसआरमध्ये म्हणजे रोजच्या सेल्स रिपोर्टमध्ये भेट टाकली, पुढचं दुकान. ते कामच आहे, त्याचाच पगार मिळतो.

चिकाटी दिसते ती दोन फेऱ्यांच्या मधे. नाही म्हणाला तेव्हा कारण काय कळलं आणि पुढच्या वेळी जाताना तुम्ही काय बदलून गेलात, एवढंच ऐकायचं असतं समोरच्याला, आणि नेमकं तेवढंच लोक गाळतात.

समजा तुमच्याकडं होटगी रोडची 40 दुकानांची बीट आहे, साबण-पावडरची कंपनी, आणि एक मोठं किराणा दुकान मालच घेत नाही. पहिल्या फेरीत शेठ तोंडावर सांगतात, "तुमचा आधीचा माणूस खराब माल न्यायला आलाच नाही, आधी ते बघा." आता इथून पुढं दर आठवड्याला जाऊन स्कीम सांगत बसलात तर त्या झाल्या फेऱ्या. त्यापेक्षा तुम्ही दुसऱ्या वेळी गेलात ते गोडाऊनमधली फुटलेली पाकिटं स्वतः मोजायला, 1,800 रुपयांचा माल निघाला, फोटो काढले, डिस्ट्रिब्युटरच्या मागं लागून क्रेडिट नोट काढून घेतली, तिसऱ्या वेळी ती नोट शेठच्या हातात दिली आणि त्या दिवशी ऑर्डर मागितलीच नाही. चौथ्या फेरीला त्यांनी एक पेटी घेतली, तिसऱ्या महिन्यात बिल 9,000 वर गेलं. चारच फेऱ्या आहेत, पण प्रत्येक फेरीला जायचं कारण वेगळं आहे.

आणि इथं थांबू नका, कारण एका दुकानाचा आकडा नशिबाचाही असू शकतो. तीच युक्ती बीटवर लावली का, हे सांगा. म्हणजे, "बंद पडलेल्या बाकीच्या दुकानांतही आधी खराब माल विचारला, महिन्यात एकदा तरी बिल देणारी दुकानं 40 पैकी 22 होती ती तीन महिन्यांत 31 झाली." सुरुवात, शेवट, मुदत, तिन्ही आले. नुसतं "सेल 40 टक्क्यांनी वाढवला" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून वैताग येतो. कशावर 40 टक्के? दहा हजारावर की दहा लाखावर?

आता आकडा सांगितला की समोरचा तो उचकटून बघणार. "त्या महिन्यात स्कीम नव्हती का?" असली तर असली म्हणायचं. "होती सर, वाढलेल्या 9 मधली 3 दुकानं स्कीममुळं आली आणि नंतर थांबली, 6 अजून चालू आहेत." या उत्तरानं आकडा लहान होतो पण टिकतो. 9 वरच अडून बसलात आणि दोन प्रश्नांत गडबडलात तर बाकीच्या खऱ्या गोष्टीवरपण संशय येतो. अजून एक, प्रायमरी आणि सेकंडरी मिसळू नका. मार्चएंडला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये माल कोंबला ती प्रायमरी, दुकानात बिल फाटलं ती सेकंडरी, आणि तुमच्या चिकाटीचा पुरावा दुसरीतच असतो.

आकडे आठवत नसतील तर जुने डीएसआर आणि ऑर्डरचे व्हॉट्सॲप मेसेज काढून बसा, अंदाजे ठोकू नका. दुकानाचं नाव आणि जुन्या कंपनीचे रेट मात्र सांगायचे नाहीत, "होटगी रोडवरचं एक किराणा" पुरतं. फ्रेशर असाल तर गड्ड्याच्या जत्रेत लावलेला स्टॉलही चालतो, फक्त रोजचा गल्ला लिहिलेला पाहिजे आणि माल उठत नव्हता तेव्हा काय बदललं ते सांगता आलं पाहिजे.

एक उलटा प्रश्नही येतो, कुठं सोडून दिलं? त्याचीही स्टोरी तयार ठेवा. एखादं दुकान 45 दिवसांची उधारी मागत होतं, डिस्ट्रिब्युटर 7 दिवसांच्या वर देत नव्हता, दोघांशी बोलून बघितलं, मधला रस्ता निघाला नाही, मग तिथं ऑर्डर मागणं बंद केलं आणि तो वेळ मागच्या गल्लीतल्या दोन छोट्या दुकानांना दिला, त्यांचं बिल किती झालं तेही सांगा.