सेगमेंट ट्री : आयतांच्या प्रश्नातून बेरजेच्या क्वेरीकडे

सेगमेंट ट्री या झाडासारख्या डेटा रचनेचा जन्म बेरजेसाठी झालेला नाही. १९७७ मध्ये गणितज्ञ व्हिक्टर क्ली यांनी एक प्रश्न मांडला : रेषेवर एकमेकांवर चढलेले अनेक तुकडे असतील, तर त्यांनी मिळून व्यापलेली लांबी किती वेगाने मोजता येईल? हाच प्रश्न आयतांच्या क्षेत्रफळासाठी सोडवताना त्याच वर्षी जॉन बेंटली यांनी ही रचना वापरली. तिथे नोडमध्ये तुकड्यांची नोंद असे. आज स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगमध्ये त्याच नावाने जी रचना चालते, तिच्या नोडमध्ये आपल्या टप्प्यातल्या घटकांची बेरीज असते. नाव तेच राहिलं, आतला माल बदलला.

बेरजेसाठी ही रचना का लागली, ते आठ आकड्यांवरून कळतं : ५, ३, ८, ६, २, ७, ४, १. सुरुवातीला शून्य ठेवून केलेली प्रीफिक्स सम, म्हणजे पहिल्या आकड्यापासूनची वाढती बेरीज, अशी : ०, ५, ८, १६, २२, २४, ३१, ३५, ३६. इंडेक्स शून्यापासून मोजले तर इंडेक्स २ ते ५ ची बेरीज ३१ वजा ८, म्हणजे २३. एका वजाबाकीत काम झालं. डेटा स्थिर असेल तर यापुढे जायची गरजच नाही.

आता इंडेक्स २ वरच्या ८ चे १० करा. प्रीफिक्समधले १६ पासून पुढचे सहाही आकडे चुकीचे ठरतात. दोन लाख घटक, दोन लाख अपडेट आणि प्रत्येक अपडेट सुरुवातीजवळ असेल, तर चार हजार कोटी बदल करावे लागतात.

ट्रीमध्ये पानं, म्हणजे मूळ आकडे, `t[8]` ते `t[15]` मध्ये बसतात, वरच्या प्रत्येक `t[i]` मध्ये `t[2*i]` आणि `t[2*i+1]` यांची बेरीज असते आणि बदल फक्त वरच्या दिशेने जातो. इथे `n` म्हणजे घटकांची संख्या, ८ :

```
void update(int i, long long v) {
    i += n;
    t[i] = v;
    for (i /= 2; i >= 1; i /= 2)
        t[i] = t[2*i] + t[2*i+1];
}
```

`t[10]` मध्ये १० आलं की `t[5]` १४ चा १६ होतो, `t[2]` २२ चा २४ आणि `t[1]` ३६ चा ३८. चार खाने बदलले, बाकी जसेच्या तसे. आता २ ते ५ ची बेरीज `t[5] + t[6]`, म्हणजे १६ अधिक ९, म्हणजे २५. दोन लाख घटकांनाही एका अपडेटमागे साधारण १८ पायऱ्या पुरतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे `v` च्या जागी नवी किंमत न देता फरक देणे. वरच्या उदाहरणात १० ऐवजी २ दिले, तर बेरीज २५ ऐवजी १७ येते आणि प्रोग्रॅम कुठेही अडखळत नाही. दुसरी चूक रिकर्सिव्ह पद्धतीत होते : `n` दोनचा घात नसताना `2*n` खाने अपुरे पडू शकतात, म्हणून `4*n` घेतात.

फक्त बेरीजच हवी असेल तर १९९४ मध्ये पीटर फेनविक यांनी मांडलेली रचना `n` खान्यांतच भागवते; त्यांना ती डेटा कॉम्प्रेशनमधल्या वारंवारता मोजण्यासाठी हवी होती. पण अपडेट आणि क्वेरी दोन्ही `log n` पायऱ्यांच्या खाली नेता येतील का? २००४ मध्ये मिहाई पात्रास्कू आणि एरिक डेमेन यांनी सिद्ध केलं की सर्वसाधारण बेरजांसाठी ते शक्य नाही.