एमएसला पाणी चढतं का?

एमएस म्हणजे माइल्ड स्टील, कमी कार्बनचं साधं पोलाद. पाणी चढणं म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवल्यावर ते कडक होणं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा, उत्तर एकच येईल : "एमएसला पाणी चढत नाही." पुरावा म्हणून पाणी दिलेल्या तुकड्यावर कानस फिरवून दाखवतील. कानस चावते, म्हणजे तुकडा मऊच राहिला. पण कानस स्वतः इतकी कडक असते की तुकडा दुप्पट कडक झाला तरी ती त्याला चावणारच. खरा फरक बघायला दुसरी चाचणी हवी.

एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये आम्ही ती करून पाहिली. काळ्या हॉट रोल्ड पट्टीचे ५ मिमी जाडीचे तुकडे घेतले. चकचकीत ब्राइट बार मुद्दामच टाळला, कारण तो थंड असताना ओढून आधीच थोडा कडक झालेला असतो. दोन तुकड्यांच्या मध्ये बेअरिंगची गोळी ठेवायची आणि व्हाइस आवळायचा. जोर किती लागला हे कळायची गरज नाही, कारण दोन्ही बाजूंना तो सारखाच असतो. ज्याचा खड्डा मोठा तो मऊ. खड्ड्यांच्या व्यासांचं गुणोत्तर काढून त्याचा वर्ग केला की कडकपणाचं ढोबळ गुणोत्तर मिळतं.

पहिल्यांदा आमचं चुकलं. तापवताना लोहचुंबक चिकटेनासं झालं की तुकडा पाण्यात टाकायचा, असं ठरवलं होतं. चुंबकत्व साधारण ७७० अंशांना जातं. जास्त कार्बनच्या पोलादाला तेवढं तापमान जवळपास पुरतं. एमएसमध्ये कार्बन जेमतेम ०.२ टक्के, त्यामुळे त्यातलं मऊ फेराइट पूर्ण विरघळायला ८५० च्या वर जावं लागतं. खड्ड्यांत फारसा फरक दिसला नाही.

दुसऱ्यांदा चांगला नारिंगी होईपर्यंत तापवला आणि मिठाच्या पाण्यात हलवत बुडवला. मिठामुळे तुकड्याभोवतीचा वाफेचा पडदा लवकर फुटतो. वरची खपली आणि कार्बन गमावलेला पातळ थर घासून काढला, मग गोळी दाबली. मूळ तुकड्यावर खड्डा २.७ मिमी, पाणी दिलेल्यावर १.८. गुणोत्तर दीड, वर्ग सव्वादोन. मूळ तुकडा ब्रिनेल या कडकपणाच्या मापात सुमारे १३० धरला, तर हा २९० च्या आसपास. कानस मात्र अजूनही चावत होती!

मग टेम्परिंग, म्हणजे पाणी दिलेला तुकडा पुन्हा तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवणं. ओव्हनमध्ये २०० अंशांना तासभर ठेवलेल्या तुकड्यात काही फरक मोजताच आला नाही. कमी कार्बनच्या पोलादात मार्टेन्साइट, म्हणजे पाणी दिल्यावर बनणारी कडक रचना, बरंच वरच्या तापमानाला तयार व्हायला लागतं. त्यामुळे थंड होता होताच ते थोडंफार टेम्पर होऊन जातं. अंधारात जेमतेम लाल दिसेल इतका, म्हणजे साधारण ६०० अंशांना तापवल्यावर मात्र तुकडा उतरला. पाणी दिलेल्या तुकड्यासमोर दाबला तेव्हा याचा खड्डा २.२ आणि त्याचा १.८, म्हणजे अंदाजे १९५ ब्रिनेल. मूळपेक्षा तरीही दीडपट!

इमारतींत वापरतात त्या टीएमटी सळीत हेच घडतं. मिलमध्ये पाण्याच्या फवाऱ्याने तिची साल कडक होते आणि आतल्या उरलेल्या उष्णतेने तीच साल टेम्पर होते.