गळक्या छताच्या दुरुस्तीसाठी घरमालकास विनंतिपत्र

भाडेकरूने राहत्या घराचे गळके छत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करून मिळावे म्हणून घरमालकाला लिहिलेले पत्र. महाराष्ट्रात हे पत्र साधारणपणे मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत लिहिले जाते. आगोटीच्या कामांत कौले चाळणे, शाकारणी करणे, पन्हळी साफ करणे ही कामे जशी येतात, तसेच भाड्याच्या घरात हे पत्र येते. कारण छप्पर मालकाचे असते आणि त्याखाली झोपणारा भाडेकरू असतो.

पत्राची वेळ कामाच्या दिवसांवरून ठरते. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते, पण मे महिन्यातच वळवाच्या सरी येऊ शकतात. गच्चीवरचा जुना कोबा फोडायला दोन-तीन दिवस जातात. विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घातला की त्यावर किमान आठवडाभर पाणी मारावे लागते, नाहीतर तो वाळताना तडकतो. त्यानंतर गच्चीवर पाणी भरून पाहायचे असते. रासायनिक लेप द्यायचा असेल तर पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. ओल्या स्लॅबवर दिलेला लेप पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा सुटतो. यात मालकाने येऊन पाहणे, गवंडी मिळणे, भाव ठरणे हे दिवस मिळवले की एप्रिल सरतोच. मे महिन्याच्या शेवटी लिहिलेल्या पत्राला प्रामाणिक मालकही ताडपत्रीशिवाय फारसे काही देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात या पत्राला कायद्याचा आधार आहे. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची सूचना देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. खर्चाचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या, तर त्या मालकावर बंधनकारक ठरतात.

हा हक्क कितपत पुरतो, हे आकडे मांडल्यावर कळते. पुण्याच्या पेठेतील जुन्या घरात महिना ६०० रुपये भाड्याने राहणारे कुटुंब घेऊ. वर्षाचे भाडे ७,२०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा १,८०० रुपये. एवढ्यात फार तर चार-पाच पोती सिमेंट येईल. वीट, वाळू, मजुरी बाहेरच राहते. कलम १४ मध्ये भाडेकरूंनी एकत्र सूचना देण्याची आणि एकत्र दुरुस्ती करण्याची सोय आहे. घरात सारख्याच भाड्याची चार बिऱ्हाडे असतील तर ७,२०० रुपये होतात, आणि त्यात एका कोपऱ्याची डागडुजी जमू शकते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याचे भाडे मोठे असते, पण कायद्याच्या भाषेत तो सहसा भाडेकरू नसून परवानाधारक असतो, आणि दुरुस्ती कोणी करायची हे त्याच्या करारातल्या कलमावर ठरते. म्हणजे जिथे हक्क आहे तिथे रक्कम तोकडी, आणि जिथे रक्कम पुरेशी तिथे हक्क करारापुरता. म्हणूनच या पत्रातला विनय मोलाचा ठरतो. मालकाने आपणहून काम हाती घेतले तरच गच्ची खऱ्या अर्थाने दुरुस्त होते, आणि त्याला तसे वाटावे असे पत्र लिहिणे ही भाडेकरूची सर्वांत मोठी ताकद आहे.

लिहिण्याआधी गळती कुठली ते पाहावे. छत बाराही महिने ओले राहत असेल तर वरच्या मजल्यावरची मोरी, संडास किंवा पाण्याचा पाइप गळतो आहे असे समजावे. फक्त पावसाळ्यात गळत असेल तर पाणी गच्चीचे. पाऊस सुरू होताच धार लागली तर मोठी भेग किंवा फुटलेले कौल असते. पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांनी ठिबकायला लागून, उघडीप मिळाल्यावरही ठिबकत राहिले, तर गच्चीवर पाणी साचून मुरते आहे. पाण्याचे तोंड तुंबलेले असते किंवा कोब्याचा उतार बिघडलेला असतो. पाणी वर जिथे शिरते तिथेच खाली पडते असे नाही. स्लॅबमधून वाट काढत ते दोन-चार फूट दूरही उतरते. छताला लोणा लागला, पोपडे सुटले इथवर ठीक; पण काठीने हलके ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा तपकिरी रेघ दिसली, तर आतली सळी गंजून फुगली आहे आणि प्लास्टर कधीही खाली येऊ शकते. ही गोष्ट पत्रात स्पष्ट यायलाच हवी, कारण तिथे प्रश्न ओलीचा उरत नाही, डोक्याचा होतो.

वरच्याच पेठेतल्या कुटुंबाचे पत्र असे होईल :

दि. २ एप्रिल
प्रति,
घरमालक यांस,
विषय : मागच्या खोलीच्या छताची पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती होण्याबाबत.

स. न. वि. वि.
आपल्या घराच्या पहिल्या मजल्यावरील मागच्या खोलीचे छत गेल्या जुलैपासून खिडकीकडच्या कोपऱ्यात गळत आहे. पाऊस सुरू झाल्यावर सुमारे दोन तासांनी ठिबक लागते आणि पाऊस थांबल्यावरही रात्रभर चालते. तिथे अंदाजे दोन फूट रुंद व तीन फूट लांब डाग पडला आहे. ऑगस्टमध्ये ताटाएवढे प्लास्टर पडले, आतली गंजलेली सळी दिसते. सुदैवाने तेव्हा खाली कोणी नव्हते. आईंचा पलंग आम्ही तेव्हापासून पुढच्या खोलीत हलवला आहे.
गच्चीवर त्याच कोपऱ्यात, पन्हळीच्या तोंडाशी पाणी साचते व कोब्याला भेग दिसते. तोंडातला पालापाचोळा आम्ही काढला आहे, परंतु भेगेचे काम गवंड्याकडूनच व्हायला हवे.
आपण येत्या रविवारी किंवा सोयीच्या दिवशी येऊन पाहावे, आणि हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम केव्हा सुरू करता येईल ते कृपया कळवावे. वळवाच्या पावसाआधी काम झाले तर आपल्या इमारतीचेही नुकसान टळेल. कामाच्या दिवसांत खोली रिकामी करून देऊ, पाण्याची सोय करू. भाडे नेहमीप्रमाणे वेळेवर पोचते होईल.
कळावे, लोभ असावा ही विनंती.
आपला,
(सही)
सोबत : चार छायाचित्रे.

‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. वयाने मोठ्या, घरोब्याच्या मालकाला ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार, लिहिण्याचीही रीत आहे. एरवी ज्यांना काका म्हणून हाक मारतो त्यांना पत्रात एकदम ‘महोदय’ लिहिले तर भांडण सुरू झाल्यासारखे वाटते. नेहमीची हाक कायम ठेवावी. या पत्रात पंधरा दिवसांचा उल्लेख आहे, पण कलमाचा आकडा नाही. तसा तो घालायची गरजही नाही. तारीख, मुदत, जागा आणि बिघाड स्पष्ट असले की पुढे गरज पडल्यास हेच पत्र सूचना म्हणून दाखवता येते, आणि आज ते वाचणाऱ्याला धमकी वाटत नाही.

‘तुम्ही लक्षच देत नाही’ हे वाक्य कितीही खरे असले तरी बाहेर ठेवावे. अनामत रक्कम, भाडेवाढ, शेजाऱ्याची गाडी हे विषय यात मिसळू नयेत. मालक त्यातल्या सोप्या विषयाला उत्तर देतो आणि छत तसेच राहते. दुरुस्ती होईपर्यंत सगळे भाडेच थांबवतो असे तर मुळीच लिहू नये. भाडे देणारा किंवा द्यायला तयार असलेला भाडेकरू कलम १५ मुळे सुरक्षित असतो, आणि भाडे थांबवणारा ते संरक्षण आपल्या हातांनी धोक्यात घालतो. गच्चीवर स्वतःच पत्र्याची पक्की शेड ठोकणेही टाळावे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले तर तोच घर खाली करून मागण्याचा आधार होऊ शकतो. ताडपत्री अंथरायला हरकत नाही.

इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल तर पत्राची वाट बदलते. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारे पावसाचे पाणी आणि सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे असते. सदनिकेतल्या मोरी-संडासाची गळती ज्याची त्याने पाहायची. भाडेकरू सभासद नसल्याने त्याने थेट सचिवांना लिहिले तर अर्ज बहुधा बाजूला पडतो. म्हणून मालकाला लिहिताना ‘सोबतचा मजकूर आपल्या सहीने संस्थेकडे द्यावा’ अशी विनंती करून अर्जाचा मसुदाच जोडावा. मालक परगावी किंवा परदेशी असेल तर हा मसुदा त्याचे निम्मे काम हलके करतो.

पत्र दोन प्रतींत लिहून हाती द्यावे आणि आपल्या प्रतीवर ‘मिळाले’, तारीख व सही घ्यावी. सही मागणे अवघड वाटत असेल तर पत्र टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे आता ते स्पीड पोस्टाने जाते. छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर वेगळी पाठवली तर मालक ती तिथूनच गवंड्याला दाखवू शकतो. छायाचित्रात डागाशेजारी फूटपट्टी किंवा वही धरली की आकार कळतो, आणि पुढच्या महिन्यात डाग वाढला का तेही ताडता येते.

आठवडाभरात उत्तर आले नाही तर आधी फोन करून आठवण द्यावी, आणि मगच मुदत संपल्यावर दुसरे पत्र. त्यात पहिल्या पत्राची तारीख, गवंड्याने लिहून दिलेला अंदाजित खर्च आणि कलम १४ प्रमाणे मर्यादेत दुरुस्ती करून घेण्याचा मानस हे तीनही येते. भाषा तरीही तीच ठेवावी.

मालकाने काम केले तर पन्हळीचे तोंड बोळ्याने बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून पाहतात. खाली डागाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. पाणी असताना ओल त्या रेघेबाहेर सरकली तर भेग अजून उघडी आहे; ते त्याच दिवशी, गवंडी पैसे घेऊन जाण्याआधी, मालकाला कळवावे. रेघ कोरडी राहिली तर बोळा काढायला विसरू नये, आणि चार ओळींचे आभाराचे पत्र काम झाल्याच्या तारखेसह पाठवून त्याची प्रत पहिल्या पत्राशेजारी ठेवावी.