मीडियाचा रंग लाल होता, तरी फ्लास्क नासला

मे महिन्यातली गोष्ट आहे, छत्रपती संभाजीनगरातली. आमच्या लॅबमध्ये व्हेरो सेल्स वाढवतो आम्ही, म्हणजे आफ्रिकन हिरव्या माकडाच्या किडनीतून १९६२ साली जपानमध्ये काढलेल्या पेशींची लाइन, तिचीच वंशावळ आजही जगभरातल्या लॅबमध्ये चालू आहे. या पेशी द्रवात तरंगत राहत नाहीत, फ्लास्कच्या तळाला चिकटून पसरतात आणि जागा भरली की त्यांना सोडवून नव्या फ्लास्कमध्ये विरळ पेरावं लागतं. त्यालाच पॅसेज करणं म्हणतात.

शुक्रवारी दुपारी परभणीच्या एका नव्या पोराला मी पॅसेज शिकवत होते. टी-२५ फ्लास्क, म्हणजे तळ २५ चौरस सेंटिमीटरचा, साधारण ८० टक्के भरलेला. जुना मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, काढला, पीबीएस या क्षारांच्या द्रावणानं हळूच धुतलं, कारण मीडियात सीरम असतं आणि ते पेशी सोडवणाऱ्या ट्रिप्सिनला बंद पाडतं, ते थोडं जरी राहिलं तरी पेशी सुटायला वेळ लागतो. मग १ मिली ट्रिप्सिन-ईडीटीए. ट्रिप्सिन पेशींना धरून ठेवणारी प्रोटीन्स कापतं आणि ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, ज्याच्या आधारानं पेशी एकमेकींना धरून असतात. ३७ डिग्रीवर ३-४ मिनिटं ठेवलं, फ्लास्क उजेडासमोर तिरका धरला की दुधावरची साय सरकते तसा थर सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पसरट पेशी गोल झालेल्या. लगेच ४ मिली सीरमवाला मीडिया टाकून ट्रिप्सिन थांबवलं, कारण जास्त वेळ ठेवलं तर पेशींच्या अंगावरची प्रोटीन्सही कापली जातात आणि मग त्या नीट चिकटतच नाहीत. पिपेटनं हळूहळू वरखाली करून गुठळ्या मोडल्या, आणि त्या ५ मिलीतलं १ मिली नव्या फ्लास्कमध्ये ४ मिली ताज्या मीडियात. झाला १:५ पॅसेज.

हे सगळं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, तिथं फिल्टर झालेली हवा वरून खाली येत असते. त्यामुळे उघड्या बाटलीच्या तोंडावरून हात न्यायचा नाही, समोरच्या जाळीवर वही किंवा पिपेट ठेवायची नाही कारण तिथं हवेचा पडदा तुटतो, आणि झाकण काढलं तर बोटांतच धरायचं. त्या पोरानं हे सगळं मन लावून केलं. मी उभी राहून बघत होते, हात एकदाही चुकला नव्हता त्याचा.

शनिवारी सकाळी फ्लास्क बघितला. मीडिया मस्त लाल. मीडियात फिनॉल रेड असतं, आम्ल वाढलं की ते पिवळं होतं, म्हणून आपण सगळे आधी रंगाकडंच बघतो. पेशी चिकटलेल्या, पसरायला लागलेल्या. तेवढ्यात पोरगं म्हणालं, "ताई, हे मधे मधे चकचकीत ठिपके काहून दिसायलेत?"

मी बघितलं आणि म्हणाले की मेलेल्या पेशींचा कचरा असेल, पॅसेजनंतर असतोच थोडा. इथं मी चुकले आणि ते अजूनही मनाला लागून आहे, कारण त्याचा डोळा बरोबर होता. रविवारी सुट्टी. सोमवारी मीडिया गढूळ, हलवला की तळातून पांढरट धूर उठल्यासारखं वर येतंय, आणि रंग? थोडा फिका, बस, पिवळाजर्द नाहीच. चाळीसच्या लेन्सखाली लावलं तर सगळीकडं अंडाकृती गोळे, कुठं एकाला एक चिकटलेले, कुठं मण्यांच्या माळेसारखे. यीस्ट.

शनिवारी नेमकं काय बघायला हवं होतं ते सांगते. कचऱ्याचे तुकडे कधी सारखे नसतात, एक मोठा एक बारका, कडा वेड्यावाकड्या. यीस्टचे गोळे बघा, सगळे जवळजवळ एकाच मापाचे, कडा चमकदार, आणि लक्ष देऊन शोधलं की एखाद्याला बाजूला छोटा कोंब फुटलेला दिसतो. तो कोंब दिसला की विषय संपला, कचऱ्याला कोंब फुटत नाही. नुसतं हलताना दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, बारीक कण पाण्यात आपोआप थरथरतातच. तरी शंका वाटली तर फ्लास्कच्या तळावर बाहेरून पेननं एक गोल काढायचा, त्यातले ठिपके मोजायचे आणि ३-४ तासांनी परत मोजायचे. यीस्ट साधारण २ तासांत दुप्पट झालं असं धरलं तर एकाचे २४ तासांत ४०९६ होतात. आपल्या पेशींना दुप्पट व्हायलाच जवळपास एक दिवस लागतो.

बॅक्टेरिया असते तर गोष्ट वेगळी झाली असती. ते बहुतेक वेळा एका रात्रीत मीडिया पिवळा आणि गढूळ करून टाकतात, सकाळी इन्क्युबेटर उघडला की कळतंच. पण पेशी खूप दाट झाल्या तरीही मीडिया पिवळा होतो, फक्त तेव्हा तो काचेसारखा स्वच्छ असतो. म्हणून रंग आणि गढूळपणा दोन्ही सोबत बघायचे. यीस्ट सुरुवातीला रंग बदलतच नाही, आणि आपण मीडियात टाकतो ते पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन बॅक्टेरियासाठी असतं, यीस्टला त्याचा काही फरक पडत नाही. मायकोप्लाझ्मा नावाचा अतिबारीक जंतू तर आणखी अवघड, त्यात ना रंग बदलतो ना गढूळपणा येतो, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही, त्याला पीसीआर किंवा डीएनए रंगवणारा स्टेन लागतो.

आता आलं कुठून? पोरगं बिचारं स्वतःलाच दोष देत बसलं होतं. मी म्हटलं थांब, आधी तपासू. तीन रिकामे फ्लास्क घेतले, पेशी टाकल्याच नाहीत. एकात त्याच बाटलीतला मीडिया, दुसऱ्यात पीबीएस मिसळलेला नवा मीडिया, तिसऱ्यात ट्रिप्सिन मिसळलेला नवा मीडिया, आणि तिन्ही ३७ डिग्रीला. पीबीएस आणि ट्रिप्सिन नुसतं ठेवून भागत नाही, त्यात जंतूंना पुरेसं खायलाच नसतं, म्हणून मीडियात मिसळायचं. दोन दिवसांनी पहिला गढूळ, बाकी दोन स्वच्छ. म्हणजे मीडियाची बाटलीच बिघडली होती.

आणि ती बाटली कुठं गरम व्हायची, तर वॉटर बाथमध्ये. उन्हाळा, पाणी आठवड्यातून एकदा, टँकरचं पाणी जपून वापरायचं म्हणून बाथमधलं पाणी तीन आठवडे बदललंच नव्हतं, कडेला हात लावला तर बुळबुळीत. बाटली त्यात मानेपर्यंत बुडायची, झाकणाच्या खालच्या चिरेत पाणी शिरायचं, आणि बाहेरून ७० टक्के अल्कोहोल मारून पुसलं तरी त्या चिरेतला थेंब तसाच. झाकण फिरवलं की थेंब बाटलीच्या ओठावर. दह्याला विरजण किती लागतं, तेवढंच इथंही पुरतं. (७० टक्केच का, तर अल्कोहोलला प्रोटीन बिघडवायला थोडं पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आधीच उडून जातं.)

फ्लास्क वाचवायचा प्रयत्न केला नाही. अँटिफंगल असतात, पण ते पेशींनाही त्रास देतात आणि यीस्ट पूर्ण गेलं याची खात्री देता येत नाही. आमच्याकडं लिक्विड नायट्रोजनमध्ये त्याच पेशींच्या व्हायल होत्या. खराब फ्लास्कमध्ये झाकण न उचलता हळूच ब्लीच टाकता येत नाही, म्हणून आधी कॅबिनेटमध्ये नेला, ब्लीच ओतलं, अर्धा तास ठेवला, मगच टाकला. इन्क्युबेटर पुसला, त्याच्या ट्रेमधलं पाणी बदलून ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड भरलं, आणि त्या काळात त्यात असलेले बाकीचे फ्लास्क आठवडाभर रोज तपासले.

आता मोठ्या बाटलीतून मीडिया ५० मिलीच्या ट्यूबमध्ये काढून ठेवतो आणि तेवढाच गरम करतो, ट्यूब रॅकमध्ये उभी, पाणी झाकणाच्या खाली. बाथमध्ये डिस्टिल्ड पाणी, दर सोमवारी बदलायचं, ते काम त्या पोरानंच मागून घेतलंय. आणि पॅसेजच्या दुसऱ्या दिवशी तो फ्लास्कचा रंग बघतच नाही आधी, सरळ मायक्रोस्कोपवर ठेवतो आणि पेशींच्या मधल्या रिकाम्या जागा बघत बसतो.