सिलिकॉनची बाटली पिळून बघायची टेस्ट खरी आहे का?

"बाळाची सिलिकॉनची बाटली पिळली की पांढरी पडते, म्हणजे भेसळ ना? आमची फिकट गुलाबी आहे, ती पांढरी पडत नाही, मग ती सेफ समजायची का?"

नाही, या टेस्टवरून सेफ-अनसेफ काहीच ठरत नाही. नुसतं सिलिकॉन रबर इतकं लेचंपेचं असतं की बाटली टिकणारच नाही, म्हणून त्यात बारीक सिलिका मिसळावीच लागते आणि ती भेसळ नाही. ताण दिला की मिसळलेले कण आणि रबर यांच्यात सूक्ष्म फटी पडतात, त्यात प्रकाश विखुरतो आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. फिकट रंगांत तर बहुतेक वेळा पांढरं पिगमेंट आधीच असतं, त्यामुळे स्वस्तातला खडूसारखा भराव घातला असला तरी पिळल्यावर फरक कळणार नाही, म्हणजे तुमची गुलाबी बाटली पास झाली याला काही अर्थ नाही.

खरा प्रश्न आहे माल साच्यातून काढल्यावर नीट भाजला का हा, कारण त्यातच सिलोक्सेन, म्हणजे सिलिकॉन बनवताना उरलेले, उडून जाणारे लहान रेणू, निघून जातात. जर्मनीच्या बीएफआर या ग्राहकांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीत २०० अंशांवर ४ तास तापवून वजनातली घट ०.५ टक्क्यापर्यंतच चालते, म्हणजे १०० ग्रॅम सिलिकॉनमागे अर्धा ग्रॅम. हे घरी मोजता येत नाही, म्हणून विकणाऱ्याकडे या वजनघटीच्या टेस्टचा रिपोर्ट मागा, नुसतं 'बीपीए फ्री' पुरत नाही, बीपीए हे काही प्लास्टिकमधलं रसायन सिलिकॉनमध्ये मुळात वापरतच नाहीत. उकळल्यावरही रबरासारखा उग्र वास येत राहिला किंवा बाटली चिकट लागली तर ती वापरू नका.