पार्श्वभूमी: केस प्रेझेंटेशनमध्ये ‘डीडी’ची जागा

रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून केस सांगायची पद्धत जुनी असली, तरी तिचा आजचा साचा त्या मानाने अलीकडचा आहे. बोटांनी ठोकून छाती तपासण्याची रीत 1761 मध्ये छापून आली आणि 1816 मध्ये स्टेथोस्कोप आला. त्यानंतर ‘फाइंडिंग्ज’ला हिस्टरीपासून वेगळे वजन मिळत गेले. ‘डीडी’, म्हणजे ‘डिफरन्शिअल डायग्नोसिस’, केसमध्ये कधी मांडायचे याबद्दलचे आजचे वाद मात्र विसाव्या शतकातले आहेत.

1900 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्याने व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष रुग्णांच्या छापील नोंदींवर चर्चा करून शिकवावे, अशी सूचना मांडली. त्याच्या खोलीतला सोबती कायद्याचा विद्यार्थी होता. तो खटल्यांवर रात्र-रात्र तावातावाने बोलतो आणि आपण नुसते उतरवून घेतो, ही खंत त्या सूचनेमागे होती. पुढे एका मोठ्या रुग्णालयात अशी चर्चा नियमाने होऊ लागली आणि 1924 पासून एका वैद्यकीय नियतकालिकात ती छापून येऊ लागली. रुग्ण न पाहिलेला डॉक्टर कागदावरची केस वाचून निदानापर्यंत पोहोचायचा आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट खरे उत्तर उघड करायचा. त्यात नाट्य होते, पण एक सवयही लागली. उत्तर दुर्मीळ असण्याची शक्यता मोठी, म्हणून शक्य ते सगळे आजार बोलून दाखवायचे. विद्यार्थ्यांच्या लांबलचक ‘डीडी’चे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे, असे मला वाटते.

‘डिफरन्शिअल डायग्नोसिस’ या शब्दाचा घोळही समजून घ्यायला हवा. मुळात ती क्रिया आहे: एकसारख्या दिसणाऱ्या आजारांतून एकेक वेगळा काढत जाणे. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘यादी’ असा झाला. ‘डीडी सांग’ म्हटले की विद्यार्थी सात नावे म्हणून दाखवतो आणि वेगळे काढायचे काम राहूनच जाते. त्यात ‘प्रोव्हिजनल डायग्नोसिस’ आधी आणि डीडी नंतर असा परीक्षेतला क्रम रूढ झाल्यामुळे डीडी हे निदानाला मागून जोडलेले शेपूट होऊन बसले. निवड आधीच झाली असेल, तर ही यादी कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही.

खरा मतभेद आहे तो डीडी कधी मांडायचे याबद्दल. एका बाजूचे म्हणणे असे की हिस्टरी संपताच, तपासणी सांगण्याआधी, दोन-तीन शक्यता बोलून दाखवाव्यात. दुसरी बाजू म्हणते की तसे केले, तर पुढच्या तपासणीत आपल्याला हवे तेच ऐकू येते, म्हणून सगळे हाती आल्यावरच बोलावे.

या वादाला धार आली ती सत्तरच्या दशकात. 1975 मध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या 80 नव्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 66 जणांच्या बाबतीत हिस्टरी घेतल्यावर केलेले निदान अखेरच्या निदानाशी जुळले. तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या कामातून दिसले की अनुभवी डॉक्टर अगदी सुरुवातीलाच मोजक्या शक्यता मनात धरतात आणि पुढचे प्रश्न त्यांच्या अनुरोधाने विचारतात. म्हणजे पूर्वग्रहाची भीती खरी असली, तरी शक्यता मनात येणे काही टळत नाही. मनात आलेच आहे, तर ते मोठ्याने सांगितलेले बरे, असे माझे मत आहे. 2003 मध्ये सुचवलेल्या सहा पायऱ्यांच्या एका पद्धतीचा कलही असाच होता. विद्यार्थ्याने केस थोडक्यात सांगायची, शक्यता दोन-तीनवर आणायच्या, त्यांची आपसांत तुलना करायची आणि जिथे अडले ते स्वतः विचारायचे.

रचलेले उदाहरण घेऊ. 62 वर्षांचे गृहस्थ; तीन आठवड्यांपासून चालताना धाप; आडवे झाल्यावर ती वाढते, म्हणून दोन उशा लागतात; दोन्ही पायांना सूज; दहा वर्षांपासून रक्तदाब. एक विद्यार्थी शेवटी हार्ट फेल्युअर, सीओपीडी, न्यूमोनिया, अ‍ॅनिमिया, सिऱ्होसिस, नेफ्रोटिक सिंड्रोम अशी माळ ओवतो. ही यादी शेजारच्या खाटेवरच्या धाप लागलेल्या कोणत्याही रुग्णाला जशीच्या तशी चालेल, तिथेच ती फसली.

दुसरा हिस्टरीनंतर थांबतो आणि म्हणतो, ‘हृदय, मूत्रपिंड की फुप्फुस, असा प्रश्न आहे.’ मग प्रत्येक ‘नाही’ला अर्थ येतो. सकाळी पापण्या सुजत नाहीत आणि लघवीला फेस येत नाही, हे मूत्रपिंडातून प्रथिने जाण्याच्या विरोधात जाते. धूम्रपान नाही आणि जुना खोकला नाही, म्हणून सीओपीडी मागे पडतो. तपासणीत नाडी 104, रक्तदाब 160/94, मानेतल्या शिरा फुगलेल्या, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी क्रेप्स. इथे घाई होते. ‘जेव्हीपी वाढलाय, म्हणजे हार्ट फेल्युअर,’ असे म्हणून भागत नाही. मूत्रपिंड निकामी होऊन अंगात पाणी साठले, तरी शिरा फुगतात. पारडे हृदयाकडे झुकते ते एपेक्स बीट बाहेर सरकलेला असतो आणि तिसरा ध्वनी ऐकू येतो म्हणून. तरीही क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय मूत्रपिंड सुटत नाही.

मॅनेजमेंट प्लॅनही या तर्कातूनच निघायला हवा. ऑक्सिजन सॅच्युरेशन 94 टक्के आहे, म्हणून ऑक्सिजन लावायचा नाही. शिरेतून फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅम, पुढच्या काही तासांत लघवी किती होते याची नोंद, रोज वजन, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. ईसीजी आणि इको कारण शोधण्यासाठी. नुसते ‘सपोर्टिव्ह ट्रीटमेंट’ म्हटले, तर काय पाहून डोस वाढवणार, या पुढच्या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

डीडीप्रमाणेच नोंदींच्या साच्याचाही विचार करायला हवा, आणि त्याची सुरुवात 1968 मधल्या एका सूचनेपासून होते. त्या वर्षी एका अमेरिकी डॉक्टरने रुग्णाच्या नोंदी समस्यांनुसार लिहाव्यात असे सुचवले. प्रत्येक समस्येला क्रमांक, आणि तिच्याखाली रुग्णाचे सांगणे, सापडलेले, त्यावरचे मत आणि पुढची योजना. हाच पुढे ‘सोप’ नावाने सगळीकडे पोहोचलेला साचा. त्याने विस्कळीत नोंदींना शिस्त लावली, यात शंका नाही. मतापर्यंत पोहोचायला फार खाली जावे लागते, म्हणून संगणकावरच्या नोंदींत काहींनी मत आणि योजना वर आणून क्रमच उलटा केला.

पण साच्याची खरी अडचण आपल्या उदाहरणात दिसते. या गृहस्थांना गुडघेदुखीही आहे. क्रमांकाने लिहिले, तर पहिली समस्या धाप, दुसरी रक्तदाब, तिसरी गुडघेदुखी, आणि तिसरीखाली ‘वेदनाशामक चालू ठेवा’. ‘औषधे: रक्तदाबाची गोळी’ एवढेच हिस्टरीत आले असेल, तर कुणाला काही खटकतही नाही. ‘दुखण्यावर काय घेता?’ असे वेगळे विचारल्यावर कळते की पाच आठवड्यांपासून रोज दोन वेळा डायक्लोफेनॅक सुरू आहे. ते मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडावरही ताण आणते. पहिल्या समस्येला लागलेला धक्का असा तिसऱ्या समस्येखाली बसून असतो. ती गोळी बंद केल्याशिवाय फ्युरोसेमाइडचा पुरता उपयोग होत नाही.